साडेपाच फुटी पलंग

आमचा नवा फ्लॅट सातशे स्क्वेअर फुटांचा आहे, असं मी सगळीकडे सांगतो. करारनाम्यात ६१.३० चौरस मीटर असं छापलंय. पण एकसष्ट हा आकडा लोकांना सांगायला काही बरा वाटत नाही. तो घराच्या क्षेत्रफळापेक्षा घरमालकाच्या वयासारखा जास्त वाटतो, आणि दुर्दैवाने माझ्या बाबतीत तो तसाही फार लांब नाही. ६१.३० ला १०.७६४ ने गुणलं की ६६० चौरस फूट होतात. मग बाल्कनीचे ४५ मिळवायचे, की झाले सातशेच्या वर पाच. ते पाच मी विनयाने सोडून देतो.

बाल्कनी मिळवायची नसते, हे मला माहीत आहे. रेराच्या कायद्याने चटई क्षेत्रातून बाहेरच्या भिंती, बाल्कनी, गच्ची आणि पाइपांचे डक्ट वगळले आहेत. पण आतल्या पार्टिशनच्या भिंती मात्र त्यात धरल्या आहेत. म्हणजे सगळ्या खोल्या, मोऱ्या आणि पॅसेज मोजून बेरीज केली तरी ती ६६० भरणारच नाही. आमच्याकडे आतल्या भिंतींची एकूण लांबी चौदा मीटर आणि जाडी दहा सेंटिमीटर. गुणाकार १.४ चौरस मीटर, म्हणजे पंधरा चौरस फूट. एवढी जागा मी विकत घेतली आहे, तिचे हप्ते भरतो आहे आणि तिच्यात फक्त खिळे ठोकू शकतो.

पण खरा घोळ घातला तो मेव्हण्याने. बिल्डरकडून नकाशा ए-३ कागदावर मिळाला होता, कोपऱ्यात ‘प्रमाण १:१००’ असं छापलेलं. कागदावरचा एक सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचा एक मीटर, याहून सोपं काय? मेव्हण्याने त्याची ए-४ वर झेरॉक्स काढली, फूटपट्टी लावली आणि आईची खोली मोजली. २१.५ मिलिमीटर बाय २५. म्हणजे २.१५ मीटर बाय अडीच, साधारण ५.४ चौरस मीटर. त्याचा चेहरा पडला. मग त्याने बिल्डरचं रंगीत पत्रक काढलं. त्यात हीच खोली दहा बाय साडेअकरा फूट, म्हणजे ११५ चौरस फूट. एका मीटरमध्ये ३.२८ फूट असतात हे त्याला पाठ. त्याने भागाकार केला, उत्तर आलं ३५ चौरस मीटर.

“दाजी,” तो म्हणाला, “एका हिशेबाने खोलीत कबूतर मावतंय, दुसऱ्या हिशेबाने बॅडमिंटन खेळता येतंय.”

ड्रॉइंग या विषयात मला कॉलेजात बरे मार्क होते. त्यानंतर चाळीस वर्षांत या गोष्टीचा कुणालाही, मलासुद्धा, काही उपयोग झालेला नाही. त्यामुळे मी चष्मा पुसला, तो गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ पुसला, आणि म्हणालो, “आधी दार मोज.”

दार खोटं बोलत नाही. खोलीचं दार साधारण तीन फुटांचं, म्हणजे ९० सेंटिमीटरचं असतं. १:१०० च्या नकाशात ते नऊ मिलिमीटर दिसायला हवं. झेरॉक्सवर ते साडेसहासुद्धा भरलं नाही. म्हणजे ६४ सेंटिमीटरचं दार, ज्यातून मी लग्नाच्या आधी गेलो असतो. कागद आक्रसला होता. ए-३ चा ए-४ करताना प्रत्येक लांबी ७१ टक्क्यांवर येते आणि क्षेत्रफळ निम्मं होतं. ‘१:१००’ ही अक्षरं मात्र तिथेच बसून राहतात. त्यांना कुणी सांगत नाही.

यावर उपाय असा की छापलेल्या प्रमाणाला विसरायचं आणि नकाशात आकडा लिहिलेली एखादी लांब बाजू धरायची. हॉलची लांबी ५.५० मीटर लिहिली होती. झेरॉक्सवर ती ३.९ सेंटिमीटर आली. म्हणजे आमच्या कागदावर एक सेंटिमीटर बरोबर १.४१ मीटर. आता आईची खोली ३.०३ बाय ३.५३, गुणाकार १०.७ चौरस मीटर. दुसरीकडे पत्रकातल्या ११५ ला ३.२८ ने एकदा भागून चालत नाही. लांबीलाही भागायचं आणि रुंदीलाही, म्हणजे १०.७६४ ने. उत्तर १०.७. कबूतर गेलं, बॅडमिंटनही गेलं. कॅल्क्युलेटर नसेल तर चौरस फुटांतलं शेवटचं शून्य उडवायचं आणि थोडं कमी करायचं. ११५ चे साडेअकरा, त्यातून थोडं कमी. ३५ आले तर समजायचं की कुणीतरी एकदाच भागलंय.

इथे थांबायला हवं होतं. पण हातात फूटपट्टी असलेला माणूस थांबत नाही. मी पलंग मोजला. नकाशात आईच्या खोलीत एक डबलबेड काढला होता, गोंडस, दोन उशांसकट. रुंदी १.३५ मीटर, लांबी १.७०. म्हणजे साडेपाच फुटी पलंग! मग मी सगळंच मोजत सुटलो. सोफ्यावर बसणाऱ्याच्या मांड्या एक वीत लांब असायला हव्यात. जेवणाच्या टेबलाभोवती सहा खुर्च्या होत्या आणि त्या मागे ओढायला जागा शून्य. बहुधा ते कुटुंब भिंतीला पाठ लावून जन्मलं असावं. वॉशबेसिनपुढे उभा राहणारा माणूस संडासात उभा होता. या माणसांबद्दल मला फार कुतूहल वाटू लागलं. ती पाच फुटांवर वाढत नाहीत, पाहुणे आले तर दुमडून ठेवता येतात, आणि त्यांच्या घरात कपाट कधी उघडत नाही. या मंडळींना सातशे चौरस फूट म्हणजे राजवाडाच. घर मोठं दाखवायला घर मोठं करावं लागत नाही, पलंग लहान काढला की पुरतं. नकाशाचं प्रमाण भिंतींना लागू, फर्निचरला नाही!

मग मी खरा पलंग त्याच खोलीत काढून बघितला. दुकानातला डबलबेड सहा फूट रुंद, म्हणजे १.८३ मीटर. समोरच्या भिंतीला कपाट, साठ सेंटिमीटर खोल. ३.०३ मधून हे दोन्ही वजा केले की उरतात साठ सेंटिमीटर. नकाशातल्या गोंडस पलंगाने तिथे जवळजवळ एकशे दहा दाखवले होते.

आईचा वॉकरच साठ सेंटिमीटर रुंद आहे. शिवाय तो धरणारे हात असतात, त्यांची कोपरं असतात, आणि रात्री तीन वाजता दिवा न लावता जायचा हट्ट असतो. १०.७ चौरस मीटर दोन्ही पलंगांना तेवढेच होते. कुठल्याच गुणाकारात ती मधली वाट दिसली नव्हती, आणि मी मात्र ज्याला त्याला खोलीचं क्षेत्रफळ ऐकवत होतो. त्या संध्याकाळी मी बिल्डरवर चिडलो होतो असं घरात सगळ्यांना वाटलं. मी कुणीही विचारण्याआधीच सातशे म्हणणाऱ्यावर चिडलो होतो.

आईला कागदावर दाखवलं. सिंगल पलंग तीन फुटांचा, म्हणजे ०.९१, मग वाट दीड मीटरची. तिने फूटपट्टी बाजूला सारली.

“म्हणजे मोठा पलंग तुमच्या खोलीत?”

“हो. आमची खोली तेवढीच आहे, पण आम्हाला वॉकर नाही.”

“मग घ्या,” ती म्हणाली. “तू कपाटापर्यंत कसा शिरतोस ते मी खुर्ची टाकून बघत बसेन. माझ्या खोलीत जागा आहे खुर्चीला.”