एक जूनचा शुभेच्छुक

महाराष्ट्रात शुभेच्छुक नावाचा प्राणी दोन जातींचा असतो. एक चौकातल्या फ्लेक्सवर राहतो. त्याला गॉगल असतो आणि वाढदिवस कोणाचा आहे याच्याशी त्याचा संबंध आपला फोटो किती मोठा छापला आहे एवढ्यापुरताच असतो. हा लेख त्याच्याबद्दल नाही. दुसरी जात घरात, बहुधा रात्री साडेअकराला, पलंगाच्या कडेवर सापडते. वय पन्नाशीच्या आसपास, पुण्यातल्या एखाद्या कंपनीत बऱ्यापैकी हुद्दा, चष्मा कपाळावर आणि हातात मोबाइल. तारीख ३१ मे. उद्या त्याच्या गावच्या वर्गमित्राचा वाढदिवस आहे. मित्र निफाड तालुक्यात द्राक्षबाग करतो. दहावीपर्यंत दोघे एका बाकावर होते, त्यानंतर एक संगणकाकडे गेला आणि दुसरा बागेकडे. आता या दोघांमध्ये बोलण्यासारखे काय उरले आहे, हा प्रश्न शुभेच्छुकाला वर्षातून एकदाच पडतो, पण त्या रात्री तो झोपू देत नाही.

तारीख एक जूनच का, हे आधी सांगायला हवे, कारण पुढचे सगळे त्यावर उभे आहे. एका विशिष्ट वयाच्या ग्रामीण महाराष्ट्रात एक जूनला जन्मलेली माणसे इतकी आहेत की त्या दिवशी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर केकचा पूर येतो. याला ग्रहयोग कारणीभूत नाही, मास्तर कारणीभूत आहेत. बाळंतपण घरी झालेले, जन्माची नोंद कुठे नाही, शाळा जूनमध्ये उघडणार. मग पोराला दाखल करताना मास्तर त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघत आणि वय बसेल असे साल धरून पुढे ‘१ जून’ लिहून टाकत. आईला विचारले तर ती ‘पोळ्याच्या आदल्या दिवशी’ एवढेच सांगू शके, आणि रजिस्टरात पोळ्याचा रकाना नसे. सरकारी कचेऱ्यांत ३१ मेला निरोप समारंभांची रांग लागते तीही याच हस्ताक्षराची करामत. ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आधीच्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो.

म्हणजे शुभेच्छुक ज्या दिवसासाठी जागतो आहे तो दिवस मुळात खोटा आहे, आणि ते त्याला माहीत आहे. माझे म्हणणे असे की त्याला हवी असलेली सामाईक जागा नेमकी इथेच पडलेली आहे. पण तो तिच्यावर बसून ती दुसरीकडे शोधतो, आणि त्याच्या त्या रात्रीच्या मसुद्यांतून हे दिसते.

पहिला मसुदा तयार मालाचा असतो: पुष्पगुच्छ, मेणबत्ती, उदंड आयुष्य आणि तुळजाभवानी. तो पाठवायला हरकत नसते. पण त्याच ग्रुपवर त्याच सकाळी आणखी सात जणांना तोच गुच्छ जाणार असतो, आणि मागच्या वर्षी त्यात भलत्याच माणसाचे नाव राहून गेले होते. शुभेच्छुक तो पुसतो. दुसरा मसुदा आठवणींचा. ‘आठवतं का, आपण चिंचा पाडल्या होत्या?’ आठवते. मागच्या वर्षीही आठवले होते, त्याच्या आदल्या वर्षीही. दहा वर्षांच्या मैत्रीतून सांगण्याजोग्या गोष्टी साधारण तीन निघतात, आणि पस्तीस वर्षे त्या तीन गोष्टींवर काढायची म्हणजे तीच काडी पुन्हा पुन्हा छाटण्यासारखे आहे. शिवाय आठवणीत एक छुपा अपमान असतो: तुझ्याशी बोलण्याजोगे शेवटचे जे काही घडले ते नववीत, असे तिचे म्हणणे असते.

तिसरा मसुदा सगळ्यांत धोक्याचा, कारण तो लिहिताना शुभेच्छुकाचे डोळे खरोखर पाणावतात. ‘खरा सुखी तूच रे. मातीत आहेस, मोकळ्या हवेत आहेस. आम्ही इथे हप्ते भरतोय.’ ज्या माणसाच्या डोक्यावर सोसायटीचे पीककर्ज आहे आणि औषधाच्या दुकानाची उधारी आहे, त्याला मोकळ्या हवेबद्दल अभिनंदन करणे म्हणजे काय, हे शुभेच्छुकाला कळत नाही असे नाही. त्याला ते सकाळी कळते. रात्री त्याला फक्त स्वतःचे हप्ते दिसत असतात. या मसुद्यात मित्र कुठेच नसतो. आपल्या कंटाळ्याला समोर धरलेला आरसा तेवढा असतो.

चौथा मसुदा अभ्यासू. आता त्याला वाटते की मित्राच्या धंद्याला धरून काही लिहावे. तो हिरव्यागार घडांचे चित्र शोधतो आणि खाली लिहितो: ‘यंदा पाऊस लवकर येवो, तुझी बाग बहरो, आणि द्राक्षं कधी खाऊ घालतोस?’ एका ओळीत तीन चुका बसवायलाही कसब लागते. निफाडकडची द्राक्षे साधारण जानेवारीपासून एप्रिलपर्यंत उतरतात, म्हणजे एक जूनला बागेत खायला फक्त पाने असतात. एप्रिलमध्ये खरड छाटणी होऊन गेलेली असते आणि नव्या काड्या वाढत असतात. राहिला पाऊस. छाटणीनंतर साधारण चाळिसाव्या ते साठाव्या दिवसांत त्या काडीवरच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचा घड धरतो. बागाईतदार याला सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. बाहेरून काहीच दिसत नाही, पण त्या दिवसांत काडीला ऊन हवे असते. आभाळ भरून राहिले, पानांची दाटी होऊन डोळे सावलीत पडले, तर ऑक्टोबरच्या छाटणीनंतर जिथे घड यायचा तिथे नुसती बाळी निघते, आणि तेव्हा काही करता येत नाही. एप्रिलच्या दहाला छाटणी धरली तर एक जूनला बावन्नावा दिवस येतो. म्हणजे पुण्यात ज्या ढगांकडे पाहून शुभेच्छुक गॅलरीत भजी मागतो, नेमके तेच ढग त्याच दिवशी मित्राला नको असतात. आणि हा प्रेमाने लिहितो, पाऊस लवकर येवो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. शुभेच्छा म्हणजे काही कृषी विद्यापीठाची परीक्षा नव्हे. भावना पोचली की झाले, घड बारीक आहे की जाड याच्याशी काय देणेघेणे? मला यातला अर्धा भाग मान्य आहे. भावना पोचते. पण ती पोचल्याची पावती कशी येते ते पाहा: दोन जोडलेले हात आणि ‘धन्यवाद साहेब’. साहेब! ज्या पोराला याने ‘ए बारक्या’ म्हणून हाक मारली त्याच्याकडून आलेला हा साहेब म्हणजे समोरून अदबीने ओढून घेतलेले दार आहे. मित्राला राग आलेला नसतो. त्याने फक्त ओळखलेले असते की हा आता बाहेरचा माणूस आहे, आणि बाहेरच्या माणसाशी आपण जसे नीट वागतो तसा तो वागतो.

दुसरा आक्षेप उलट बाजूने येतो. बरे, मग सूक्ष्म घडनिर्मितीबद्दल वाचून तसे लिहिले तर? शुभेच्छुक हेही करून बघतो, कारण रात्रीचा एक वाजलेला असतो आणि त्याला माहिती गोळा करायची सवय आहे. पाचवा मसुदा तीन परिच्छेदांचा होतो. त्यात सूर्यप्रकाशाचे महत्त्व असते, काड्यांच्या विरळणीबद्दल सल्ला असतो आणि शेवटी कसलीशी लिंकही. तीस वर्षे बाग करणाऱ्याला बाग समजावून सांगणे हा चिंचांपेक्षा वाईट प्रकार आहे. आपण वाचलेले दाखवायला ज्ञान लागते, पण विचारायला त्यातले चमचाभर पुरते. ‘खरड छाटणीला किती दिवस झाले?’ एवढ्या चार-पाच शब्दांत तो तीन परिच्छेद मुरवू शकला असता. बागाईतदाराला हा प्रश्न कोणीही विचारू शकतो, पण तो विचारायला त्याच्या बागेच्या दिशेने निदान दोन पावले टाकलेली असावी लागतात. मात्र ‘भाव काय मिळाला?’ हा प्रश्न दिसायला तसाच असला तरी वेगळा. तो कोणी आपल्याला ‘पगार किती?’ विचारल्यासारखा आहे, आणि एप्रिलमध्ये जे झाले ते एखाद्याला वाढदिवशी पुन्हा आठवायचे नसू शकते.

तिसरी शंका खुद्द शुभेच्छुकाची. अशी एका रात्रीत कमावलेली जवळीक खोटी नाही का? आयुष्ये वेगळी झाली आहेत, तर ते मान्य करून गप्प बसणे जास्त प्रामाणिक नव्हे का? शंका चांगली आहे, पण ती एक गोष्ट गृहीत धरते: जवळीक म्हणजे सारखेपणा. मग एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर, एकाच बँकेच्या कर्जात बुडालेल्या त्याच्या सहकाऱ्यांशी त्याचे गूळपीठ असायला हवे होते. तसे नाही. त्यांच्यातल्या कोणाचा खरा जन्म पोळ्याच्या आदल्या दिवशीचा आहे, हे त्याला ठाऊक नाही. या एकाचे ठाऊक आहे, कारण मित्राच्या आईने ते त्याच्यासमोर सांगितले होते. मास्तरांनी रजिस्टरात केलेली लबाडी जगात ज्या मोजक्या माणसांना माहीत आहे त्यांत हा एक आहे. त्याला उचलायचे होते ते हेच: दोघांनाच ठाऊक असलेली एक जुनी गोष्ट आणि फक्त मित्रालाच ठाऊक असलेली एक आजची. मध्ये विशेषणे नकोत, पुष्पगुच्छही नकोत.

पावणेदोनच्या सुमारास, दमून गेल्यामुळे असेल, शुभेच्छुक शहाणा होतो. सहावा मसुदा असा जातो: ‘मास्तरांनी दिलेल्या वाढदिवसाच्या शुभेच्छा. खऱ्याच्या पोळ्याच्या आदल्या दिवशी देईन. छाटणीला किती दिवस झाले? इकडं आभाळ आलंय, तिकडं ऊन आहे ना?’ यात एकही सुंदर वाक्य नाही. व्याकरणाच्या बाईंनी दहापैकी चार दिले असते. तो पाठवतो, आणि लगेच आपण काहीतरी कोरडे लिहिले या भीतीने त्याखाली एक केक चिकटवतो. स्वभावाला औषध नाही.

उत्तर पहाटे पावणेसहाला येते, कारण बागाईतदार तेव्हा बागेत असतो. ‘५२. ऊन आहे, पण दुपारनंतर भरून येतं, भीती वाटते. आई म्हणते पोळ्याला ये.’ साहेब गळलेला असतो. पाठोपाठ दुसरी ओळ येते, आणि ती वाचून शुभेच्छुक पासपोर्ट, आधार आणि पॅन ठेवलेल्या कपाटाकडे जातो. पुण्यात आल्यावर त्याने पंचांगावरून आपला खरा जन्मदिवस काढून घेतला होता, बायको-मुले तोच साजरा करतात, आणि कागदावरची तारीख तो फक्त अर्ज भरताना लिहीत आला होता. दोघांचे नाव शाळेत घातले एकाच सकाळी, एकाच मास्तरांनी. मित्राने लिहिले होते: ‘दाखल्यावर तुझाही आजच आहे, बारक्या.’