प्रस्तावाचा मसुदा कसा तपासावा

मसुदा हाती येताच वाचायला घेऊ नये. आधी पाने मोजावीत. सोलर बसवून देणाऱ्या कंपनीत नोकरीला असाल, तर साहेब बाविसेक पाने टेबलावर टाकून म्हणतील, "जरा नजर टाका, संध्याकाळी सोसायटीला पाठवायचाय." पहिल्या सात पानांवर आपलीच कंपनी, आपलेच पुरस्कार आणि संचालकांचा हात बांधलेला फोटो असेल. ही पाने आदरपूर्वक शेवटी न्यावीत. ज्यांच्या गच्चीवर पॅनेल बसायची, त्यांना आधी स्वतःचे वीजबिल बघायचे असते.

आता समस्या शोधावी. 'वाढत्या ऊर्जासंकटाच्या पार्श्वभूमीवर' ही समस्या नव्हे. लिफ्ट, पंप आणि जिन्यातले दिवे यांच्या कॉमन मीटरवर महिन्याला १५०० युनिट जातात आणि युनिटमागे १२ रुपये पडतात, ही समस्या. हा आकडा बहुधा अकराव्या पानावर तळटीपेत लपलेला असतो. त्याला पहिल्या पानावर आणून बसवावे आणि मग पुढच्या प्रत्येक पानावर तो टिकतो का, ते पाहावे.

उपायाच्या पानावर तो हमखास गळतो. तिथे २० किलोवॅटचा संच सुचवलेला असतो. एक किलोवॅट दिवसाला सरासरी ४ युनिट देतो, म्हणजे महिन्याला २४०० युनिट. गरज मात्र १५०० ची! उरलेली ९०० युनिट नेट मीटरिंगमध्ये पुढच्या महिन्यात सरकतात हे खरे, पण वर्षअखेरीस शिल्लक राहिलेल्यांना घेतल्या भावाने पैसे मिळत नाहीत. मसुद्यात मात्र बचत २४०० गुणिले १२, म्हणजे २८,८०० रुपये. हा गुणाकार ज्याने केला, त्याला बढती द्यावी आणि मसुद्यापासून लांब ठेवावे.

खर्चाचे पान मग आपोआप कोसळते. किलोवॅटला ५० हजार धरले तर खर्च १० लाख. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या सामायिक वापराला किलोवॅटमागे १८,००० अनुदान आहे, म्हणून निव्वळ खर्च ६.४० लाख. मसुदा म्हणतो, बावीस महिन्यांत वसूल. खरी बचत महिन्याला १८,००० धरली तर लागतात छत्तीस. शिवाय अनुदान संच सुरू झाल्यावर येते, तोवर पूर्ण १० लाख सोसायटीच्याच खिशातून. हे वाक्य लिहायला कुणाचाच हात धजावत नाही, आणि खजिनदार नेमके तेच विचारतो.

जोखमीच्या पानावर भूकंप, पूर आणि युद्ध असते. गच्चीचे वॉटरप्रूफिंग, पाण्याच्या टाकीची सावली आणि दहाएक वर्षांनी बदलावा लागणारा इन्व्हर्टर नसतो. वरच्या मजल्यावरच्या काकूंना युद्धाची धास्ती नसते, गळतीची असते. गळती झाली तर दुरुस्ती कुणी करायची, हे खर्चाच्या लगेच खाली लिहावे.

मसुदा परत पाठवताना साहेबांना एवढेच सांगावे: संच साडेबारा किलोवॅटचा करा, बावीस महिन्यांचा दावा तेव्हा खरा ठरेल.