मुदतवाढीची नोटीस : नव्या कॉन्ट्रॅक्टरसाठी पहिला धडा

अभिनंदन! कुपवाडच्या गुंठेवारीत दोन गुंठ्यांच्या प्लॉटवर खाली-वर घर बांधायचं पहिलं काम तुम्हाला मिळालं. करारात मुदत ३१ ऑगस्टची आहे. आज १५ ऑगस्ट. खालचा स्लॅब मेअखेर पडला, वरच्या भिंती कमरेपर्यंत आल्या आणि तिथंच थांबल्या. मालक, म्हणजे काका, शाळेतून निवृत्त झालेले. भाड्याच्या खोलीतून रोज संध्याकाळी फिरत येतात, अर्ध्या भिंतीवर हात टेकून उभे राहतात आणि काही बोलत नाहीत. हे न बोलणं फार वाईट असतं, याची आम्हाला कल्पना आहे. म्हणून ते बोलायच्या आत तुम्ही लिहा.

१. विषय दणदणीत ठेवा. ‘अतिवृष्टी व साहित्याच्या तीव्र तुटवड्यामुळे कामास ७५ दिवस मुदतवाढ मिळणेबाबत.’ ‘मिळणेबाबत’ हवंच. त्यानं कागदाला सरकारी वजन येतं आणि काकांना आपणच कुठल्या तरी खात्याचे साहेब झाल्यासारखं वाटतं.

२. पाऊस दुसरीकडचा घ्या. ही नोटिशीतली खरी कला. मिरज तालुक्यात वर्षभराचा पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास. एवढ्याशा पावसावर ७५ दिवस मागणं अवघड. म्हणून वर्तमानपत्रातलं कोयना आणि महाबळेश्वरच्या पावसाचं कात्रण जोडा. तिथले आकडे भरघोस असतात. शिवाय कोयनेतून पाणी सोडलं की सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा चढते. ४० फुटांना इशारा पातळी, ४५ फुटांना धोका पातळी. सांगलीवर ऊन पडलेलं असतानाही पूर येऊ शकतो, आणि तुम्हाला नेमकं हेच हवं आहे. २०१९ आणि २०२१ चा महापूर सगळ्यांच्या आठवणीत आहे. ‘पूरपरिस्थिती’ एवढा शब्द टाकला की समोरचा माणूस मऊ होतो. कृष्णेचं पाणी कुपवाडच्या माळावर चढत नाही, हे त्याला त्या क्षणी आठवत नाही.

‘अतिवृष्टी’ मात्र जपून वापरा. महसूल खात्याच्या हिशेबात २४ तासांत मंडळात ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस झाला तरच ती अतिवृष्टी. मंडळनिहाय आकडे रोज नोंदले जातात आणि कुणालाही बघता येतात. तुमच्या ओळखीतले काका ते बघणार नाहीत. निवृत्त शिक्षक बघतात.

३. खरं कारण चुकूनही लिहू नका. जुलैत पाच दिवस गल्लीत एवढा चिखल होता की विटांची ट्रॉली कोपऱ्यावरच आसापर्यंत रुतली. शेवटी जेसीबीनं ओढून काढली आणि विटा पुन्हा भट्टीकडे गेल्या. पावसानं अडवलेलं काम म्हणतात ते हेच. पाऊस थांबला तरी गल्ली सुकेपर्यंत दोन-तीन दिवस जड गाडी आत येत नाही. आणखी आठ दिवस असे गेले की पाऊस कामाच्या वेळेत आणि एवढा जोराचा पडला की उघड्यावर गवंडी उभा करणं शक्यच नव्हतं. ताज्या जोडणीतला माल धुऊन निघाला असता. हे तेरा दिवस तुम्ही हक्कानं मागू शकता. तारखा लिहा, ट्रॉलीचा फोटो लावा, कुणी नाही म्हणणार नाही.

पण तेरा दिवसांनी तुमचं काय भागणार? शिवाय एकदा तारखा लिहिल्या की उरलेल्या दिवसांच्याही तारखा विचारल्या जातात. म्हणून ‘सततच्या पावसामुळे’ असं मोघम लिहा. सतत म्हणजे रात्री पडलेला दोन मिलिमीटरसुद्धा त्यात आला.

इथं एक गैरसोयीची गोष्ट सांगून ठेवतो. खालच्या स्लॅबखाली पाऊस पडत नाही. भारतीय मानक ४५६ प्रमाणे साध्या सिमेंटमध्ये साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू किमान सात दिवस आणि सहा मीटरपर्यंतच्या बीमचे किमान चौदा दिवस ठेवायचे असतात. म्हणजे जूनच्या मध्याला तुमचं खालचं घर मोकळं झालं होतं. आतला गिलावा, विजेचे पाइप, बाथरूमचं प्लंबिंग ही सगळी कामं छताखालची. त्यांना पावसाचं कारण चालत नाही. यावर उपाय एकच : नोटिशीत फक्त वरच्या मजल्याबद्दल बोला. खालच्या मजल्याचा उल्लेख टाळणं हे सभ्यतेचंही लक्षण आहे.

४. तुटवडा आश्चर्याचा वाटला पाहिजे. ‘विटा व वाळू अचानक अनुपलब्ध झाल्याने’ असं लिहा. ‘अचानक’ महत्त्वाचं. कच्ची वीट उन्हात वाळते, पावसात विरघळते. म्हणून भट्ट्या पावसाळ्याआधी बंद होतात आणि दिवाळीच्या मागेपुढे पुन्हा लागतात. नदीपात्रातला वाळू उपसा १० जून ते ३० सप्टेंबर बंद असतो. दोन्ही गोष्टी दरवर्षी ठरलेल्या वेळी होतात, तरी तुम्हाला दरवर्षी नव्यानं धक्का बसला पाहिजे. मे महिन्यात तुमच्याकडे विटांचा हप्ता आला होता. तेव्हाच दोन ट्रक उतरवले असते तर जुलैत तुटवडा झालाच नसता. हप्ता कुठं गेला हे तुम्हाला ठाऊक आहे : दुसऱ्या साइटच्या सळीला. सेंट्रिंगच्या प्लेटाही तिथंच गेल्या आहेत, आणि काकांचा वरचा स्लॅब येईल तेव्हा त्या तिसऱ्या साइटवर असतील. बांधकामात खरा तुटवडा पैशांचा, प्लेटांचा आणि माणसांचा असतो. पण तो आकाशातून पडत नाही, म्हणून नोटिशीत बसत नाही.

वाळू मिळत नसेल तर क्रश सँड आहे, असं काका म्हणतील. ‘ती गिलाव्याला चालत नाही,’ असं ठामपणे सांगा. गिलाव्यासाठी वेगळी बारीक चाळलेली क्रश सँड मिळते, हे त्यांनी क्रशरवर जाऊन विचारेपर्यंत आठवडा निघतो. आठवडा हीच तर तुमची मागणी आहे.

५. दिवसांचा हिशेब घरी करा, घरीच ठेवा. सरावासाठी करून दाखवतो. १ जून ते १५ ऑगस्ट, दिवस ७६. पावसाचे आणि चिखलाचे १३. जतकडचे गवंडी-बिगारी पेरणीला गेले, त्याचे १२. विटांची वाट पाहण्यात १८. गँग दुसऱ्या साइटवर होती, ते २०. उरलेले १३ दिवस प्रत्यक्ष काम. आता नोटिशीच्या भाषेत हे असं होतं : पेरणी पावसामुळे, म्हणून ते बारा पावसात. भट्टी पावसामुळे बंद, म्हणून ते अठराही पावसात. गँग दुसऱ्या साइटवर गेली कारण इथं पावसानं काम नव्हतं, तेव्हा ते वीसही. तेराचे झाले त्रेसष्ट. वर बारा दिवस ‘हवामानाची अनिश्चितता’ म्हणून घाला, झाले पंच्याहत्तर. नवी तारीख १४ नोव्हेंबर. इतका पाऊस हवामान खात्यालाही सापडायचा नाही.

६. शेवटची ओळ दरवाढीची. मुदतवाढीच्या पाठीवर बसवून ‘वाढीव दराने’ हे दोन शब्द आत सोडा. हे धाडसाचं काम आहे. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ साली ‘एनर्जी वॉचडॉग’ प्रकरणात सांगितलंय की माल महाग झाला म्हणजे करार पाळणं अशक्य झालं, असं होत नाही. तिथं इंडोनेशियाचा कोळसा होता, इथं कुपवाडची वीट आहे. पण काका कोळशाच्या बातम्या वाचत नसतील, अशी आशा धरा.

७. ‘हरकत नाही’ लिहून घ्या. किंवा काहीच लिहून घेऊ नका, तेही चालेल. कामाला उशीर झाला तरी करार चालू ठेवायचा आणि उशिराचं काम स्वीकारायचं, हे मालकाच्या हाती असतं. भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम ५५ म्हणतं की वेळ हा कराराचा गाभा असताना मालकानं उशिराचं काम स्वीकारलं, तर स्वीकारताना ‘नुकसानभरपाई मागणार आहे’ अशी सूचना दिल्याशिवाय त्याला पुढे ती मागता येत नाही. म्हणजे चावी घेताना काकांनी फक्त पेढे दिले, की काम झालं. तेव्हा वातावरण गोड ठेवा. वास्तुशांतीची तारीख तुम्हीच सुचवा, भटजीही तुमच्याच ओळखीचा द्या. पूजेच्या गडबडीत भाड्याच्या खोलीचं अडीच महिन्यांचं भाडं कुणी काढत नाही.

या कलमाची माहिती असलेला मालक मिळाला तर मात्र उत्तर असं येतं. ताज्या वहीच्या पानावर, समास सोडून :

‘तुमचे पत्र मिळाले. दि. ४, ५, ६, ७ व ८ जुलै रोजी गल्ली बंद होती, हे मला मान्य आहे. सोबतच्या तक्त्याप्रमाणे आणखी ८ दिवस मान्य. एकूण १३ दिवस, नवी तारीख १३ सप्टेंबर. त्यापुढील विलंबाच्या नुकसानभरपाईचा माझा हक्क राखून ठेवत आहे. दि. ९ ते २८ जुलै या काळात आपली गँग कोणत्या साइटवर होती, तेही कळवावे. खालचा गिलावा केव्हा सुरू होणार, तेही कळवावे.’

तक्त्यात तारीख, सकाळी साडेआठचा पाऊस, साइटवर आलेली माणसं आणि झालेलं काम असे चार रकाने असतात. रोज संध्याकाळी भिंतीला हात टेकून ते काय मोजत होते, ते तुम्हाला आता कळतं. नाउमेद होऊ नका. असा मालक दहात एखादाच.

८. वही ठेवणारा मालक निघाला तर काय करावं. वाद घालू नका. ग्राहक आयोगात घरबांधणी ही सेवाच धरली जाते आणि तिथं तक्ता फार छान दिसतो. दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता पुरी गँग काकांकडे पाठवा. दोन गवंडी खाली गिलाव्याला, दोन वर जोडणीला, विटांची ट्रॉली दारात, प्लेटाही परत. तुम्ही स्वतः हेल्मेट घालून उभे राहा. काका चहा आणतील, तो घ्या.

आता दुसऱ्या साइटवर गँग नाही. तिथल्या मालकांना पत्र लिहायला बसा. विषयात बदल नको, नाव तेवढं बदला. परतीचा पाऊस आपल्याकडे सप्टेंबर-ऑक्टोबरात चांगला होतो, तेव्हा कात्रणासाठी कोयनेपर्यंत जायची गरज पडणार नाही.