अनामत भाड्यात कशी वळती करावी

घरमालकाकडे तुमचे तीस हजार रुपये आहेत, ही समजूत आधी काढून टाकावी. ते होते. जूनमध्ये तुम्ही दिले, त्याच आठवड्यात त्यांतून आधीच्या भाडेकरूची अनामत फिटली आणि उरलेले बोअरच्या नव्या मोटारीसोबत जमिनीत गेले. लातूरचा औसा रोड असो की नांदेडचं श्यामनगर, ‘नीट’च्या पोरांसाठी अकरावी-बारावीपुरती बिऱ्हाडं मांडणाऱ्या पालकांच्या भागात हा फेरा असाच फिरतो. नवा पालक जूनमध्ये येतो आणि जुन्याला मोकळं करतो. घोळ एवढाच, की जुना पालक मेमध्येच निघालेला असतो. मग तो देगलूरहून किंवा अहमदपूरहून जुलैपर्यंत फोन करत बसतो आणि घरमालक काका दर वेळी देवदर्शनाला गेलेले असतात.

म्हणून अनामत मागू नये. ती भाड्यात वळती करून घ्यावी. मात्र हे मालकाच्या संमतीने करायचं काम आहे. मार्चपासून गुपचूप भाडं थांबवून ‘डिपॉझिटमधून कापा की’ असं जिन्यात सांगणारे वीर पुष्कळ आहेत. पण छापील करारात बहुधा नेमकं हेच चालणार नाही असं एक कलम असतं, आणि ते वाचण्याची पहिली वेळ भांडणाच्या दिवशी येते. करार आजच काढून वाचावा.

वाचताना दोन गोष्टी पाहाव्यात. पहिली, करार कोणाच्या नावाचा आहे. चहा काकांसोबत होतो, भाडं काका मोजून घेतात, पण फ्लॅट काकूंच्या नावावर असतो, कारण बाईच्या नावे घर घेतलं की मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. तेव्हा बोलणी काकांशी करावीत आणि सही काकूंची घ्यावी. दुसरी गोष्ट, करार नोंदलेला आहे की नुसता नोटरी केलेला ‘बाँड’ आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 55 प्रमाणे लेखी करार करून तो नोंदवण्याची जबाबदारी मालकाची आहे. तो नोंदवला नाही तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शिवाय अटींवरून वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं. हे कलम काकांना ऐकवू नये. आपल्याला ते ठाऊक आहे, एवढं त्यांना कुणाकडून तरी कळलं म्हणजे पुरे.

आता मुहूर्त. समजा करार 1 जून 2024 ते 30 एप्रिल 2025 असा अकरा महिन्यांचा आहे आणि भाडं नऊ हजार. बोलणं फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात काढावं, म्हणजे फेब्रुवारीचं भाडं हातावर ठेवतानाच. पैसे देणाऱ्या माणसाला मध्येच तोडून बोलणं अवघड जातं.

सुरुवात अशी करावी: ‘काका, मे महिन्यात तुम्हाला एकदम तीस हजारांची जमवाजमव करायला लावणं बरं दिसत नाही.’ काका सावध होतील, कारण त्यांच्या मनातलं दुसऱ्या कुणी बोललेलं त्यांना चालत नाही. ‘बघू की, तुम्ही कुठं पळून चाललाव का?’ असं म्हणतील. हा नकार नव्हे. खरी भीती पुढच्या वाक्यात येते: लाईट बिल. एप्रिल-मेमध्ये मराठवाड्यात कूलर रात्रंदिवस चालतो, त्याचं बिल तुम्ही गेल्यावर येतं आणि मीटर काकूंच्या नावाचा असतो. बेसिन फुटलेलं, दाराची कडी निघालेली, भिंतीवर पोरानं चिकटवलेली आवर्त सारणी, हे सगळं सामान हलल्यावरच दिसतं. तेव्हा अनामत संपवून टाकली तर मालकाच्या हाती काही राहत नाही. ही भीती रास्त आहे, आणि इथेच बहुतेक भाडेकरू हट्टाला पेटून फसतात.

उपाय म्हणजे सगळी अनामत मागायचीच नाही. हिशेब पाहा. मार्च आणि एप्रिलचे अठरा हजार. त्या वर्षी ‘नीट’ होती 4 मे रोजी, म्हणजे करार संपल्यावर चार दिवसांनी. अकरा महिन्यांचा करार आणि परीक्षेचं वेळापत्रक यांची गाठ कुणीच घालून दिलेली नाही. परीक्षा, एक दिवस झोप आणि टेम्पोवाल्याची सवड धरून 10 मेपर्यंतचे दहा दिवस लागतात. महिन्याचे तीस दिवस धरून त्यांचे तीन हजार. एकूण एकवीस हजार वळते. उरलेले नऊ हजार, म्हणजे एका महिन्याचं भाडं, चावी देईपर्यंत मालकाकडेच राहू द्यावेत. काकांना हा आकडा कागदावर दाखवला की त्यांचा चेहरा सैल पडतो. एकवीस हजार कुठूनही आणायचे नाहीत, फक्त दोन महिने आणि दहा दिवस घ्यायचे नाहीत.

त्या दहा दिवसांना हलकं समजू नये. मुदत संपल्यावर परवानगीशिवाय राहिलेल्या परवानाधारकाकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते, असं त्याच कायद्याचं कलम 24 सांगतं. काका असं करणार नाहीत. पण काकांचा पुण्यातला मुलगा कायदा वाचून फोन करू शकतो. म्हणून मुदतवाढ कागदावर आली पाहिजे.

कागद पुढीलप्रमाणे लिहावा. वकिली भाषा घालू नये. ती पाहून काका वकिलाकडे जातात.

‘मी, खाली सही करणार घरमालक, लिहून देते की, दि. 1 जून 2024 च्या करारापोटी माझ्याकडे रु. 30,000 अनामत जमा आहे. मार्च व एप्रिल 2025 चे भाडे रु. 18,000 आणि 1 ते 10 मे 2025 चे भाडे रु. 3,000, असे एकूण रु. 21,000 मी या अनामतीतून वळते करून घेण्यास संमती देते. या काळाचे भाडे बाकी नाही. 10 मे 2025 पर्यंत राहण्यास माझी परवानगी आहे. उरलेल्या रु. 9,000 मधून शेवटचे वीजबिल व प्रत्यक्ष झालेली मोडतोड वजा करून बाकी रक्कम चावी घेतानाच परत देईन.’

खाली दोघांच्या सह्या, दोन साक्षीदार, तारीख. दोन प्रती. ‘प्रत्यक्ष झालेली’ हे शब्द गाळू देऊ नयेत. ते गळाले की त्या जागी सबंध घराचा रंग येऊन बसतो. करार नोंदलेला असेल तर हा कागद त्याची जागा घेत नाही, हेही लक्षात ठेवावं. ही पैशाची पोच आणि परवानगी आहे. नवीन करार करत असाल, तर हीच अट पहिल्याच दिवशी नोंदणीच्या मसुद्यात घालून घेणं सर्वांत पक्कं.

सही घेताना काका म्हणतील, ‘कागद कशाला, आपल्यात विश्वास आहे.’ तेव्हा ‘विश्वास आहे म्हणूनच तर काकूंची सही मागतोय’ असं म्हणून पेन काकूंच्या हातात द्यावं. काकू कागद पूर्ण वाचतात. काकांच्या घरात आजवर कागद वाचलेलं माणूस तेवढं एकच.

निघायच्या सकाळी रिकाम्या खोल्यांचे, बेसिनचे आणि मीटरच्या आकड्याचे फोटो काकांच्या देखत काढावेत. मागच्या बिलातले युनिट वजा करून उरलेल्यांचा अंदाज तिथेच बांधावा. समजा आले 1,850. मग नऊ हजारांतून परत यायचे 7,150. ते मोबाईलवर जमा झाल्याची टिंग वाजेपर्यंत चावी हातातच असू द्यावी आणि टेम्पोवाल्याला मात्र आधीच पुढे काढून द्यावं, नाहीतर काका त्याच्याशी गप्पा मारत बसतात आणि नेट चालत नसल्याचं त्यांना अचानक आठवतं.