दोन कान आणि सात स्पीकर

रात्री नऊनंतर आमच्या हॉलमध्ये गोळीबाराला बंदी आहे. हा कायदा बायकोने केला असल्यामुळे त्याविरुद्ध अपील कुठेही चालत नाही. त्यामुळे भाच्याच्या एक्सबॉक्स सिरीज एसचा आवाज हेडफोनमध्ये कोंडणं भाग पडलं. घरात वायरचा एक चांगला, साधा स्टिरिओ हेडफोन होता. भाच्याने तो उलटसुलट पाहिला आणि जाहीर केलं, "मामा, यात सराउंड नाही. मागून कोण येतंय ते कळणारच नाही. सेव्हन पॉइंट वनवाला घ्यावा लागेल."

"तुला कान किती?" मी विचारलं.

लग्नाच्या हॉलमध्ये मागून कुणी "काय, ओळखलं का?" अशी हाक मारली, की कुठल्या बाजूला अजिबात वळायचं नाही हे आपल्याला दोनच कानांवर कळतं. उजवीकडचा आवाज उजव्या कानाशी किंचित आधी पोहोचतो. फरक एका मिलीसेकंदापेक्षाही कमी, पण मेंदूला तेवढा पुरतो. मध्ये डोकं आडवं येत असल्यामुळे पलीकडच्या कानात तो थोडा दबलेला पोहोचतो. शिवाय कानाच्या बाहेरच्या घड्या पुढचा आवाज आणि मागचा आवाज वेगवेगळ्या तऱ्हेने गाळतात. कन्सोल नेमका हाच हिशेब करतो आणि तयार उत्तर दोन कानांत सोडतो. हेडफोन साधाच राहतो. डोकं कन्सोल चालवतो.

मात्र हेडफोन कंट्रोलरलाच जोडायला हवा. टीव्हीच्या भोकात खुपसला, तर कन्सोलला हेडफोनचा पत्ताच लागत नाही. तो आपला टीव्हीच्या स्पीकरसाठीचा आवाज पाठवत राहतो. एका दुकानदाराने आम्हाला मोठ्या प्रेमाने ब्लूटूथ हेडफोन दाखवला. एक्सबॉक्स ब्लूटूथ हेडफोन घेत नाही, हे सांगितल्यावर त्याने त्याच प्रेमाने साधा यूएसबीवाला काढला. तोही चालत नाही. आताच्या कंट्रोलरला खाली ३.५ मिलिमीटरचं गोल भोक असतं, त्यामुळे आम्हाला अ‍ॅडॅप्टर लागलाच नाही. एक्सबॉक्स वनच्या अगदी पहिल्या कंट्रोलरला मात्र ते भोक नाही. तुमच्याकडे तो असेल, तर खालच्या चौकोनी पोर्टमध्ये बसणारा Xbox Stereo Headset Adapter लागेल. अ‍ॅडॅप्टरची कथा एवढीच.

मग सेटिंग. रिमोट सापडत नसला की घरात जी शांतता पसरते, त्या शांततेत आम्ही पुढचा रस्ता काढला:

```
Settings > General > Volume & audio output > Headset format
```

तिथे Windows Sonic for Headphones निवडलं. हे फुकट आहे. भाच्याचा चेहरा पडला, कारण फुकटच्या गोष्टीवर त्याचा कुठल्याच बाबतीत विश्वास बसत नाही. त्याला Dolby Atmos for Headphones हवं होतं. त्यासाठी Dolby Access हे अ‍ॅप घ्यावं लागतं आणि हेडफोनसाठीचा परवाना एकदाच विकत घ्यावा लागतो. यातली गंमत अशी, की त्याच अ‍ॅपमधून होम थिएटरसाठीचं अ‍ॅटमॉस फुकट आहे. लाखभराचे स्पीकर असलेल्याला माफी आणि हेडफोनवाल्याला पट्टी! परवाना मायक्रोसॉफ्टच्या खात्यावर नोंदला जातो, त्यामुळे तो कुणाच्या खात्यातून घ्यायचा हे आधी ठरवा. आमच्याकडे हा प्रश्न जमिनीच्या सातबाऱ्यासारखा पेटला होता. डीटीएसचाही असाच पैसेवाला पर्याय आहे. पीएस ५ वाल्यांनी मात्र यातलं काहीच करू नये. तिथे थ्रीडी ऑडिओ कन्सोलमध्येच आहे, परवाना नाही.

अ‍ॅटमॉसच्या मोफत चाचणीवर भाच्याने लगेच तक्रार केली, "मामा, सगळे विहिरीतून बोलतायत." त्याने गेममध्येही हेडफोनसाठीचा थ्रीडी आवाज चालू ठेवला होता. म्हणजे गेमने एकदा हिशेब केला आणि त्याच उत्तराचा कन्सोलने पुन्हा हिशेब केला. गेममध्ये होम थिएटर हा पर्याय निवडला आणि माणसं विहिरीतून वर आली. हेडफोनचं स्वतःचं व्हर्च्युअल सेव्हन पॉइंट वन असेल, तर तेही याच कारणाने बंद ठेवायचं.

जमलंय की नाही हे पाहायला गोळीबार लागत नाही. गेममधल्या धबधब्याशेजारी उभं राहा आणि जागेवरच सावकाश गिरकी घ्या. आवाज एका कानापासून पाठीमागून दुसऱ्या कानापर्यंत सलग सरकला पाहिजे. भाच्याला तो सरकलेला ऐकू आला. मला मागचा धबधबा पुढेच वाटत राहिला. हा हिशेब एका सरासरी डोक्यावर आणि सरासरी कानांवर बेतलेला असतो, आणि माझे कान त्या सरासरीत बसत नसावेत. बायकोच्या मते त्यांचा ऐकण्याशी मुळात संबंधच नाही.

तेव्हा आधी फुकटचं लावा, गिरकी घ्या, मग डॉल्बीच्या चाचणीवर तीच गिरकी घ्या. फरक कळला नाही, तर परवान्याचे पैसे खिशातच राहू द्या.