दोन रुपये चाळीस पैशांचा प्रवासी

शहर बससेवेचा खर्च दोन प्रकारे सांगता येतो. बस एक किलोमीटर धावायला किती पैसे लागले, हा पहिला प्रकार. एक प्रवासी एक किलोमीटर न्यायला किती लागले, हा दुसरा. पहिल्या हिशेबात फक्त बस असते. दुसऱ्यात माणसे येतात, आणि माणसे आली की मोजणाऱ्याच्या मर्जीलाही जागा मिळते.

पुण्यासारख्या शहरातली बारा मीटर लांबीची सीएनजी बस हिशेबाला घ्यावी. आकडे समजण्यापुरते गृहीत धरलेले आहेत. बस दिवसाला प्रवासी घेऊन १८० किलोमीटर धावते, म्हणजे १५ किलोमीटरच्या बारा फेऱ्या. याशिवाय डेपोतून पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री परत असे १५ किलोमीटर ती रिकामीच जाते. या रिकाम्या धावेला ‘डेड किलोमीटर’ म्हणतात. तिकीट कोणी काढत नसले तरी गॅस जळतोच, त्यामुळे इंधन १९५ किलोमीटरचे धरावे लागते. किलोला ३ किलोमीटर या दराने ६५ किलो, आणि ९० रुपये भावाने ५,८५० रुपये.

चालक-वाहकांचा खर्च किलोमीटरवर ठरत नाही, ड्युटीवर ठरतो. दोन पाळ्यांना दोन चालक आणि दोन वाहक लागतात. पगार, भविष्यनिर्वाह निधी, साप्ताहिक सुट्टी आणि रजेवरच्यांच्या जागी येणारे बदली कर्मचारी धरून एका ड्युटीला २,००० रुपये पडतात असे मानले, तर चौघांचे ८,००० झाले. म्हणजे इंधनापेक्षाही जास्त. गॅसचा भाव दोन रुपयांनी वाढला की मोठी बातमी होते. चौघांच्या तासांचा हिशेब मात्र कोणी मागत नाही.

राहिला घसारा. बस ५० लाखांची, बारा वर्षांनी भंगारात दोन लाख मिळणार, म्हणजे वर्षाला चार लाख. वर्षातले ३२० दिवस ती रस्त्यावर असते, बाकीचे दिवस कार्यशाळेत जातात. दिवसाला १,२५० रुपये पडले. तेराव्या वर्षी मात्र घसारा शून्य होतो आणि कागदावरची सर्वांत स्वस्त बस ठरण्याचा मान सर्वांत जुन्या बसला मिळतो. ती भर चौकात बंद पडते, तिची फेरी रद्द होते, पण चौकातल्या खोळंब्याला वहीत रकाना नसतो. भाडेतत्त्वावर घेतलेल्या बसचा घसारा तर उपक्रमाच्या वहीतून नाहीसाच होतो. तो ठेकेदाराच्या प्रति-किलोमीटर दरात जाऊन बसतो आणि तिथे त्याला घसारा म्हणत नाहीत.

तिन्हींची बेरीज १५,१०० रुपये. टायर, सुटे भाग, विमा आणि मुख्य कार्यालयातील खुर्च्या यांचा खर्च वेगळा. प्रवासी घेऊन धावलेल्या १८० किलोमीटरने भागले की किलोमीटरला सुमारे ८४ रुपये येतात.

आता प्रवासी. बसमध्ये ४० आसने आणि २० उभ्यांची जागा, म्हणजे क्षमता ६०. दिवसभरात ९०० जणांनी सरासरी ७ किलोमीटर प्रवास केला, तर ६,३०० प्रवासी-किलोमीटर झाले. १८० ने भागले तर बसमध्ये सरासरी ३५ माणसे. ६० पैकी ३५ म्हणजे ५८ टक्के, हे त्या बसचे भारमान. १५,१०० भागिले ६,३०० केले की उत्तर येते २ रुपये ४० पैसे.

भारमान काढताना भाजक कोणता घ्यायचा, हे प्रसंग पाहून ठरवता येते. केवळ आसने धरली तर तीच बस ८७.५ टक्के भरलेली असते. उभ्यांची जागाही धरली तर ५८ टक्के. अनुदान मागायला एक आकडा सोयीचा, कार्यक्षमतेच्या सादरीकरणाला दुसरा. सरासरी ३५ माणसे असलेली बस प्रत्यक्षात कोणाला दिसतेच असे नाही. सकाळी हिंजवडीकडे जाताना तीत ६५ माणसे कोंबलेली असतात आणि परतताना पाच. सरासरी दोन्ही वेळा ३५ च. दारात लोंबकळणाऱ्याला ५८ टक्क्यांचा दिलासा कागदोपत्री मिळतो.

त्याहून सोपी युक्ती पासात आहे. तिकिटाची नोंद यंत्रात होते. पासधारक चढला की बहुतेकदा पास नुसता दाखवला जातो, म्हणून त्याच्या फेऱ्या अंदाजाने धरतात. वरच्या ९०० प्रवासांत ६०० तिकिटाचे आणि १५० पासधारकांचे दोन-दोन असे ३०० आहेत. कार्यालयाने प्रत्येक पासामागे चार प्रवास धरले, तर एकूण १,२०० होतात, प्रवासी-किलोमीटर ८,४०० आणि खर्च १ रुपया ८० पैसे. गॅस तेवढाच जळला, माणसेही तीच बसली, फक्त सेवा एका दुपारीत २५ टक्के स्वस्त झाली. खरे काय ते पाहायचे तर चार-सहा फेऱ्यांत थांब्याथांब्यावर चढणारे-उतरणारे मोजावे लागतात. त्यासाठी बसने जावे लागते. ही पद्धत म्हणूनच फारशी लोकप्रिय नाही.

खर्च खरोखर हलवणारी गोष्ट वेग आहे. बारा तासांत १८० किलोमीटर होतात ते ताशी १५ च्या वेगाने. रस्ता खोदला, दुहेरी पार्किंग झाले आणि वेग १२ वर आला, की त्याच बारा तासांत १४४ किलोमीटर होतात. चौघांचे ८,००० तेवढेच, घसारा तेवढाच. गॅस थोडा वाचतो, तोही थांबत-चालत जाण्यात बस किलोला कमी धावते हे विसरले तर. किलोमीटरचा खर्च ८४ वरून ९७ वर जातो, आणि बसमध्ये सरासरी ३५ माणसे कायम राहिली तरी प्रवासी-किलोमीटरचा २ रुपये ७८ पैसे. पुण्यात २००६ साली स्वारगेट परिसरातून बससाठी वेगळी मार्गिका काढण्यामागे हेच गणित होते. २००७ मध्ये स्थापन झालेल्या पीएमपीएमएलची मालकी पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिकांकडे ६०:४० आहे आणि संचलनातली तूटही मुख्यतः त्याच भरतात. रस्ते खोदायची परवानगीही महापालिकाच देतात. एका खिडकीतून परवानगी जाते, दुसऱ्या खिडकीतून तुटीचा धनादेश, आणि दोन्ही खिडक्यांची ओळख नसते.

तूट वाढली की रात्रीची शेवटची जोडफेरी बंद करण्याचा प्रस्ताव येतो. तीत जेमतेम दहा माणसे असतात. ३० किलोमीटर वाचले, १० किलो गॅस वाचला, ९०० रुपये हाती लागले. चालक-वाहक पाळी संपेपर्यंत डेपोत बसून राहतात, पगार तोच. किलोमीटरचा खर्च ९५ च्या घरात जातो, पण ३०० कमी भाराचे प्रवासी-किलोमीटर गळाल्याने भारमान वाढते आणि १४,२०० भागिले ६,००० असे २ रुपये ३७ पैसे येतात. तीन पैशांच्या सुधारणेचे परिपत्रक निघते. त्या रात्रीच्या फेरीतले चाळीसेक जण सकाळी याच बसने कामावर जात होते. परतीची सोय गेल्यावर त्यांनी हप्त्यावर दुचाकी घेतली, तर सकाळचेही ३०० गळतात आणि १४,२०० भागिले ५,७०० हा भागाकार २ रुपये ४९ पैशांवर थांबतो. तोवर पुढच्या फेरीचे भारमान तपासायला घेतलेले असते.