निर्मितीची अडचण

टंकलेखनाच्या परीक्षेला मिनिटाला 30 मराठी शब्द लागतात आणि मी तीन महिने 22 वर ठाण मांडून बसलो होतो. अकोल्याच्या क्लासात रोज तासभर एकच उतारा बडवायचो. तो उतारा मात्र 30 ने सुटायचा. उतारा बदलला की पुन्हा 22. म्हणजे वेग नव्हे, पाठांतर वाढलं होतं.

शेवटी अमरावतीला मामांकडे गेलो. मामा निवृत्त तारबाबू. तार 2013 साली बंद झाली, मामांचं बोलणं नाही.

"काऊन रे, बोटं तं शाबूत दिसून रायली," ते म्हणाले. "तू सराव नाही करून रायला, हजेरी लावून रायला."

तारबाबूंचंही असंच व्हायचं. 1897 साली ब्रायन आणि हार्टर या अमेरिकन संशोधकांनी टिपलं होतं, की तार पाठवायचा वेग बिनतक्रार वाढतो, पण ऐकून घ्यायचा मध्येच अडतो. एकेक अक्षर ऐकणारा कान अख्खा शब्द ऐकू लागला, की गाडी पुन्हा हलते.

मामांनी मोबाइल माझ्या बोटांवर रोखला, नवा उतारा दिला आणि नंतर तो व्हिडिओ सावकाश फिरवून दाखवला. सोप्या शब्दांवर मी ठीक होतो. 'निर्मिती' आला की बोटं हवेत. रेमिंग्टन कळफलकावर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी मारायची आणि रफार नंतर. त्यामुळे वेलांटी, न, वेलांटी, म, मग रफार, त, दीर्घ वेलांटी. बोलताना एक क्रम, मारताना दुसरा. असे अकरा शब्द निघाले, सगळे रफाराचे नाहीतर जोडाक्षरांचे.

मग तासाची वाटणी बदलली. आधी अडलेला शब्द दहा वेळा, सावकाश, एकही चूक न करता. मग तोच दहा वेळा झेपेल त्याहून जरा जोरात, चुका झाल्या तरी न थांबता. शेवटी रोज वर्तमानपत्रातला नवा मजकूर, घड्याळ लावून. मामींचा भाजी चिरायचा वेग माझ्यापेक्षा जास्त होता, हे त्या दर मिनिटाला सांगत.

आठवडाभर एकूण वेग 22 च. मी वैतागलो. मामांनी वही पुढे सरकवली. दहा 'निर्मिती' मारायला पहिल्या दिवशी 70 सेकंद लागले होते, सातव्या दिवशी 58. "मोठा आकडा दडून बसते, लहान बोलते," मामा म्हणाले. रोजचा वेग एक-दोन शब्दांनी खालीवर होतो, म्हणून पाच चाचण्यांची सरासरीच धरायची, हाही त्यांचा दंडक. (जास्तीतजास्त धरायची माझी सूचना फेटाळली गेली.)

तिसऱ्या आठवड्यात दहा 'निर्मिती' 41 सेकंदांत झाल्या आणि सरासरी 25 झाली. काल 28 होती. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे. सध्या 'कर्तृत्व' अडतो.